निकटदृष्टिता आणि दूरदृष्टितेची वर्कशीट: मापात बसणाऱ्या किरणाकृतींच्या कामाच्या नोंदी

१६ जून

दहावीच्या भिंगांच्या धड्यासाठी दोन पानांची वर्कशीट करायची आहे. पहिल्या पानावर निकटदृष्टिता, दुसऱ्यावर दूरदृष्टिता. दोन्हींत आधी दोष असलेला डोळा, मग चष्मा लावलेला डोळा आणि शेवटी भिंगाची शक्ती काढायची उदाहरणे.

बाजारात मिळणाऱ्या वर्कशीटमध्ये आणि गाइडमध्ये या आकृत्या नुसत्या चित्रासारख्या असतात. किरण भिंगावर कुठेतरी वळतो आणि दृष्टिपटलावर जाऊन टेकतो. किती वळला, का वळला, हे पट्टी लावून तपासायला गेलात तर काहीच जुळत नाही. मुले मग आकृती पाठ करतात आणि परीक्षेत अंतर्वक्र भिंगातून किरण एकत्र आणून दाखवतात. म्हणून या वर्कशीटची अट एकच ठेवली: प्रत्येक किरण पट्टीने मोजता आला पाहिजे आणि भिंगाच्या सूत्रात बसला पाहिजे.

खऱ्या डोळ्याची मापे घेऊन हे जमत नाही. साधा हिशेब केला की कळते. डोळा चौपट मोठा काढला तर कागदावर तो जेमतेम १० सेमीचा होतो. पण ज्याचा दूरबिंदू ५० सेमीवर आहे, त्याचा दूरबिंदू त्याच प्रमाणात २ मीटरवर जातो, म्हणजे वर्गाच्या दुसऱ्या बाकावर. डोळा लहान काढून दूरबिंदू कागदावर आणला, तर डोळा वाटाण्याएवढा होतो आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही. तेव्हा खरा डोळा सोडून द्यायचा आणि कागदासाठी वेगळा डोळा बनवायचा, जो खोटा असेल पण स्वतःशी प्रामाणिक असेल.

१८ जून

कागदी डोळ्याची मापे ठरली. आधी निरोगी डोळा भिंगापासून दृष्टिपटलापर्यंत ५ सेमी आणि नाभीय अंतरही ५ सेमी असा धरला. निकटदृष्टीच्या डोळ्यात नेत्रगोल लांबलेला असतो किंवा वक्रता वाढल्याने किरण जास्त वळतात. दोन्ही कारणे एकाच आकृतीत यावीत म्हणून दृष्टिपटल ६ सेमीवर नेले आणि नाभीय अंतर ४ सेमीवर आणले. आता दूरबिंदू काढू:

```
1/v − 1/u = 1/f
1/6 − 1/u = 1/4
1/u = 1/6 − 1/4 = −1/12
u = −12 cm
```

दूरबिंदू १२ सेमीवर. १२ आणि ६ मिळून १८ सेमी, म्हणजे उभ्या ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंना समास सोडून आकृती बसते. नाभीय अंतर ४.५ घेऊन पाहिले होते, तेव्हा दूरबिंदू १८ सेमीवर गेला आणि आकृती कागदाबाहेर पडली.

चष्म्याशिवायची आकृती अशी: अक्षापासून १.२ सेमी उंचीवर समांतर किरण येतो, भिंगाच्या रेषेवर वळतो, ४ सेमीवर अक्ष ओलांडतो आणि ६ सेमीवरच्या दृष्टिपटलावर अक्षाच्या ०.६ सेमी खाली पोचतो. खालून आलेला किरण तसाच ०.६ सेमी वर. म्हणजे दृष्टिपटलावर बिंदूऐवजी १.२ सेमीचा डाग. ‘प्रतिमा अंधुक दिसते’ हे वाक्य मुले लिहितातच, पण इथे तो अंधुकपणा पट्टीने मोजता येतो. हा प्रश्न वर्कशीटमध्ये पहिलाच ठेवला.

दुसरा प्रश्न त्याच डोळ्याचा: आता वस्तू १२ सेमीवर ठेवा आणि तिच्यापासून निघून भिंगावर १.२ सेमी उंचीला लागणारा किरण काढा. तो बरोबर दृष्टिपटलावर अक्षाला मिळतो. या डोळ्याला १२ सेमीवरचे स्वच्छ दिसते, त्यापलीकडचे नाही. पुढचे सगळे या आकृतीवर उभे आहे, कारण चष्मा डोळा बदलत नाही. लांबच्या वस्तूचे किरण जणू १२ सेमीवरून येत आहेत असे तो करून देतो, एवढेच.

२१ जून

चष्मा लावला आणि आकृती बिघडली. दूरबिंदू १२ सेमीवर, म्हणून पाठ्यपुस्तकाच्या रीतीने −१२ सेमी नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग घेतले आणि ते डोळ्यापुढे २ सेमीवर काढले. किरण दृष्टिपटलाच्या ४ मिमी अलीकडेच अक्षाला मिळाला.

रेखाटन चुकलेले नाही. −१२ सेमीचे भिंग २ सेमी पुढे सरकले की समांतर किरण डोळ्यापासून १४ सेमीवरून आल्यासारखे दिसतात आणि:

```
1/v = 1/4 − 1/14 = 10/56
v = 5.6 cm
```

दृष्टिपटल ६ वर आहे, प्रतिमा ५.६ वर. तेव्हा चष्म्याचे नाभीय अंतर दूरबिंदूपर्यंत, पण चष्म्यापासून मोजलेले हवे: १२ − २ = १०, म्हणजे −१० सेमी. ते घेतल्यावर आकृती बसली. समांतर किरण १.० सेमी उंचीवर चष्म्याला लागतो, अपसृत होऊन डोळ्याच्या भिंगावर १.२ सेमी उंचीला पोचतो आणि तिथून सरळ ६ सेमीवर दृष्टिपटलावर अक्षाला मिळतो. तुटक रेषा चष्म्यापासून मागे नेली की ती १२ सेमीवरच्या बिंदूतून जाते. हीच आकृती मुलांनी काढायची आहे.

खऱ्या चष्म्यात हा फरक साधारणपणे जाणवत नाही. चष्मा डोळ्यापासून १२ ते १४ मिमीवर असतो. दूरबिंदू ८० सेमी असेल तर १.२ सेमी वजा करून −१.२७ डायॉप्टर येते, न करता −१.२५ येते, आणि चष्म्याच्या काचा ०.२५ च्या टप्प्यानेच मिळतात. नंबर साधारण ४ च्या पुढे गेला की मात्र हिशेब करावा लागतो. चष्म्याचा −८ असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर −७.३ च्या आसपास येतो, तो याच कारणाने. दहावीच्या उदाहरणांत अंतर शून्य धरतात, म्हणून उदाहरणांच्या वर ‘चष्मा डोळ्याला लागूनच आहे असे समजा’ ही ओळ घातली. ती नसेल तर आकृतीतले −१० पाहिलेला चौकस मुलगा उदाहरणातही २ सेमी वजा करतो आणि मग त्याला चूक म्हणता येत नाही.

२४ जून

दूरदृष्टिता. इथे बहुतेक आकृत्या मुळातच गोंधळलेल्या असतात. काही ठिकाणी समांतर किरण दाखवून ते दृष्टिपटलाच्या मागे नेतात, काही ठिकाणी जवळची वस्तू दाखवतात आणि चष्म्याच्या आकृतीत परत समांतर किरण येतात. मुलाला वाटते दोन्ही आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत. आम्ही दोन्हींत जवळचीच वस्तू ठेवली, कारण उदाहरणे २५ सेमीवरच्या वाचनाची आहेत.

मापे पुन्हा जुळवून घेतली. नेत्रगोल आखूड, दृष्टिपटल ४ सेमीवर. समायोजी स्नायूंनी पूर्ण जोर लावल्यावर नाभीय अंतर ३ सेमी. मग निकटबिंदू:

```
1/4 − 1/u = 1/3
1/u = 1/4 − 1/3 = −1/12
u = −12 cm
```

वाचायचे अंतर कागदावर ६ सेमी धरले. ६ सेमीवरच्या वस्तूची प्रतिमा v = ६ सेमीवर, म्हणजे दृष्टिपटलाच्या २ सेमी मागे. १.२ सेमी उंचीला भिंगावर लागलेला किरण दृष्टिपटलावर अजून ०.४ सेमी उंचीवर असतो, डाग ०.८ सेमीचा. दृष्टिपटलाच्या मागचा भाग तुटक रेषेने काढायचा, कारण किरण तिथे प्रत्यक्षात पोचत नाहीत. ही तुटक रेषा राहून गेली की डोक्याच्या आत प्रतिमा पडते अशी आकृती होते.

चष्मा पुन्हा २ सेमी पुढे. चष्म्यापासून वस्तू ४ सेमीवर, आणि तिची आभासी प्रतिमा निकटबिंदूवर, म्हणजे चष्म्यापासून १० सेमीवर हवी:

```
1/f = 1/(−10) − 1/(−4) = 0.15
f = +6.67 cm
```

६.६७ हा आकडा आकृतीत कुठेच लागत नाही, म्हणून लिहिला नाही. किरण वस्तूपासून निघून चष्म्यावर १.० सेमी उंचीला लागतो, थोडा कमी अपसृत होऊन डोळ्यावर १.२ ला पोचतो आणि ४ सेमीवर दृष्टिपटलाला मिळतो. मागे वाढवलेली तुटक रेषा १२ सेमीवर जाते. चष्मा ते डोळा हा तुकडा दोन्ही पानांवर हुबेहूब तोच आला: १.० ते १.२, उगम १२ सेमीवर. शेजारी शेजारी ठेवल्यावर मुलांना दिसते की दोन्ही चष्मे एकच काम करतात. एक लांबची वस्तू अलीकडे आणतो, दुसरा जवळची वस्तू पलीकडे नेतो. डोळ्याला हव्या त्या जागी.

या आकृतीत बहिर्वक्र भिंगातून निघालेले किरण अजूनही एकमेकांपासून दूर जातात, फक्त आधीपेक्षा कमी. ‘बहिर्वक्र म्हणजे अभिसारी’ एवढेच पाठ असलेली मुले इथे चष्म्यातून निघालेले किरण डोळ्यापर्यंत पोचायच्या आतच जवळ आणू लागतात. म्हणून आकृतीखाली एक प्रश्न टाकला: चष्म्याच्या अलीकडे किरण दर सेंटिमीटरला किती वर चढतो, आणि पलीकडे किती? उत्तर ०.२५ आणि ०.१ सेमी. चढ कमी झाला, म्हणजे भिंगाने त्याला अक्षाकडे वळवलेच.

२७ जून

आकृत्या संगणकावर काढल्या. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये माऊसने ओढून काढलेली रेषा एकदोन मिलिमीटर हलतेच, आणि इथे सगळा खेळ दोन मिलिमीटरचा आहे. त्यापेक्षा एसव्हीजी फाइल हाताने लिहिणे सोपे पडते. एक एकक म्हणजे एक मिलिमीटर, शून्य डोळ्याच्या भिंगावर. निकटदृष्टीची चष्मा लावलेली आकृती:

```svg
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
     width="190mm" height="50mm" viewBox="-125 -25 190 50">
  <g fill="none" stroke="black" stroke-width="0.5">
    <line x1="-125" y1="0" x2="65" y2="0"/>
    <line x1="-20" y1="-18" x2="-20" y2="18"/>
    <line x1="0" y1="-18" x2="0" y2="18"/>
    <polyline points="-60,-10 -20,-10 0,-12 60,0"/>
    <polyline points="-60,10 -20,10 0,12 60,0"/>
    <g stroke-dasharray="3 2">
      <line x1="-20" y1="-10" x2="-120" y2="0"/>
      <line x1="-20" y1="10" x2="-120" y2="0"/>
    </g>
  </g>
</svg>
```

एसव्हीजीत y खाली वाढतो, म्हणून वरचा किरण उणे. नेत्रगोल, बाण आणि नावे इंकस्केपमध्ये नंतर घातली. नावे युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करावीत. जुन्या श्री-लिपीच्या फाइलमधून ‘दृष्टिपटल’ चिकटवले तर दुसऱ्या संगणकावर त्याची अक्षरे फुटतात.

छपाईत दोन गोष्टी बिघडल्या. पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय आपोआप निवडलेला होता, आणि १२ सेमीचे अंतर ११.६ झाले. ज्या वर्कशीटमध्ये मुले पट्टीने मोजणार, तिथे हे चालत नाही. छपाई १०० टक्क्यांवर ठेवायची. शिवाय पानाच्या तळाशी बरोबर १० सेमीची रेघ काढून खाली लिहिले: ‘ही रेघ १० सेमी नसेल तर पान परत करा.’ झेरॉक्सवाल्याने मशीनवर ९७ टक्के केले तरी आता लगेच कळते.

दुसरे म्हणजे तुटक रेषा. ०.२५ मिमी जाडीच्या रेषा लेझर प्रिंटवर छान दिसतात, पण झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये त्या ठिपक्यांवर येतात आणि मग नाहीशाच होतात. ०.५ मिमी जाडी, ३ मिमी रेघ आणि २ मिमी मोकळी जागा ठेवल्यावर टिकल्या. राखाडी रंग पूर्ण काढून टाकला.

१ जुलै

भिंग निवडायची उदाहरणे. दूरबिंदू मनाला येईल तो दिला तर उत्तर −०.६७ असे काहीतरी येते आणि तसली काच दुकानात नसते. म्हणून उत्तरापासून उलटे आलो. दूरबिंदू ४ मीटर, २ मीटर, ८० सेमी, ५० सेमी, ४० सेमी घेतले की शक्ती −०.२५, −०.५, −१.२५, −२ आणि −२.५ डायॉप्टर येते. सगळी उत्तरे खऱ्या चष्म्याच्या कागदावर सापडतील अशी.

दूरदृष्टीसाठी निकटबिंदू १ मीटर घेतला:

```
u = −0.25 m,  v = −1 m
P = 1/v − 1/u = −1 + 4 = +3 D
```

निकटबिंदू ५० सेमी असेल तर +२, ४० सेमी असेल तर +१.५, ८० सेमी असेल तर +२.७५.

मुले हमखास दोन ठिकाणी घसरतात. पहिले, निकटदृष्टीची रीत इथेही चालवतात: निकटबिंदू १ मीटर, म्हणून शक्ती +१. तसा चष्मा घातला तर काय होईल, हा प्रश्न मुद्दाम घातला. +१ डायॉप्टर आणि २५ सेमीवरची वस्तू: 1/v = 1 − 4 = −3, म्हणजे प्रतिमा ३३ सेमीवर. या डोळ्याला १ मीटरच्या आतले स्वच्छ दिसत नाही, तेव्हा पुस्तक अंधुकच राहते. दुसरी घसरण सेंटिमीटरची: ८० सेमी तसेच ठेवून १ भागिले ८० करतात आणि −०.०१२५ डायॉप्टर लिहितात. उत्तराच्या शेजारी ‘ही काच दुकानात मिळेल का?’ असा रिकामा चौकोन ठेवल्यावर यातले बरेच जण आपले आपण थांबतात.

एक मर्यादा शिक्षकांच्या प्रतीत लिहिली आहे. नेत्रतपासणीत दूरदृष्टीचा नंबर निकटबिंदूवरून काढत नाहीत. साधारण ६ मीटरवरचा तक्ता वाचायला लावून, काचा बदलत तो ठरतो. लहान वयात समायोजन शक्ती भरपूर असते, त्यामुळे दूरदृष्टीचा मुलगा जवळचेही वाचू शकतो आणि फक्त डोके दुखते म्हणून सांगतो. पाठ्यपुस्तकातली रीत हे भिंगाच्या सूत्राचे उदाहरण आहे, तपासणीची पद्धत नव्हे.

५ जुलै

वर्गात वापरून पाहिली. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीची सवय असलेली मुले किरण दोनदा वळवत होती: एकदा पारपटलावर आणि एकदा नेत्रभिंगावर. खऱ्या डोळ्यात बरेचसे वळणे पारपटलावरच होते, तेव्हा त्यांचे अगदीच चुकत नाही, पण मग १.२ चा हिशेब कोसळतो. आता आकृतीत पारपटलाचा वेगळा वक्र काढलाच नाही. एक उभी जाड रेषा काढून तिच्यावर लिहिले: ‘सगळे वळणे इथे’. चष्म्यालाही तशीच एक रेषा. भिंगाचा आकार तिच्याभोवती फिकट, नुसता ओळखीपुरता.

दिशेचे बाण अनेकांनी तुटक रेषेवरही काढले. तुटक रेषेवरून प्रकाश जात नाही, तेव्हा तिच्यावर बाण नको. गुणदानात यासाठी अर्धा गुण वेगळा ठेवला: समांतर किरण चष्म्यापर्यंत अर्धा, वळल्यानंतरची दिशा एक, तुटक रेषा बाणाशिवाय दूरबिंदूपर्यंत अर्धा, दृष्टिपटलावर मिळणे एक.

९ जुलै

दुसऱ्या पानाच्या मागे प्रयोग घातला: जुन्या चष्म्याची काच ओळखा. काच वहीच्या रेघेवर हातभर धरून बाजूला हलवायची. रेघ काचेबरोबर त्याच दिशेला सरकली तर काच अंतर्वक्र, उलट सरकली तर बहिर्वक्र. मग काच जागच्या जागी गोल फिरवायची. कागदावरच्या फुलीच्या रेषा कात्रीसारख्या उघडमीट करू लागल्या तर तिच्यात सिलिंडरचा नंबर आहे. ती काच बाजूला ठेवायची. जुन्या चष्म्यांत अशा काचा बऱ्याच निघतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त जमवाव्यात.

अंतर्वक्र काचेचा नंबर काढायला प्रयोगशाळेतले २० सेमीचे बहिर्वक्र भिंग तिला चिकटवून धरले आणि खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर पाडली. एका काचेसाठी स्पष्ट प्रतिमा ३३ सेमीवर आली. जोडीची शक्ती +३, त्यातून भिंगाचे +५ वजा, काच −२ ची. १० सेमीचे भिंग वापरू नये: −०.५ च्या काचेने प्रतिमा फक्त ५ मिमी सरकते आणि मुलांची मोजण्यातली चूक तेवढीच असते. २० सेमीच्या भिंगाला काच −४ ची असेल तर उलट अडचण, प्रतिमा १ मीटरवर जाते आणि अंधुक होते. −५ किंवा जास्त असेल तर प्रतिमा पडतच नाही.

झाड मैदानापलीकडचे हवे. वर्गातल्याच ३ मीटरवरच्या खिडकीच्या गजांवर प्रयोग केलेल्या गटाला ३७.५ सेमी मिळाले आणि तीच काच −२.३३ ची निघाली. वस्तू अनंत अंतरावर धरायची तर ती निदान तितकी लांब असावी लागते, हे त्या गटाच्या वहीत आता आकड्यानिशी आहे. प्रयोगाच्या सूचनेत ‘लांबची वस्तू’ खोडून ‘किमान १५ मीटरवरची वस्तू’ असे लिहिले आणि पान पुन्हा झेरॉक्सला दिले.